ड्रोन फवारणी सेवेला नाव काय द्यावं?

प्रश्न: पुण्याजवळ ड्रोनने औषध फवारणीची सेवा सुरू करतोय. ‘नभवृष्टी’ हे नाव कसं वाटतं? शेतकऱ्याला फोनवर पटकन कळेल असं हवंय.

उत्तर: दिसायला सुरेख, पण फोनवर फसेल. ‘नभ’चं ‘नव’ ऐकू येतं आणि ‘वृष्टी’मुळे हवामानाचा अंदाज सांगणारे वाटाल. नावात ‘फवारणी’ हा शब्द असू द्या, काम त्यातच कळतं.

मात्र नुसतं ‘ड्रोन फवारणी’ ठेवू नका. सेवेचं निव्वळ वर्णन करणाऱ्या नावाला ट्रेडमार्क मिळणं अवघड असतं, उद्या शेजारचाही तेच लावेल. म्हणून ‘फवारणी’च्या आधी एक ओळखीचा, वेगळा शब्द जोडा. ‘गरुड’ टाळा, गरुडा एरोस्पेस ही ड्रोन कंपनी आधीच आहे. मला ‘चतुर फवारणी’ आवडेल: चतुर हा कीटक पिकावर घिरट्या घालतो, शब्दात जोडाक्षर नाही आणि हुशार हा अर्थ फुकटात. नोंदणीआधी ट्रेडमार्कच्या संकेतस्थळावर वर्ग 44 मध्ये शोधा, शेतीसेवा त्यातच येतात.

मग चाचणी घ्या. दौंड-इंदापूरकडच्या एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्याला ट्रॅक्टर चालू असताना फोन लावा, नाव एकदाच सांगा आणि विचारा, “काय ऐकलं? आम्ही काय करतो?” दुसऱ्यांदा सांगावं लागलं तर नाव बदला.

एक अडचण राहते. इंग्रजीत कुणी Favarni लिहितं, कुणी Fawarni, कुणी Phavarni. गाडीवर नाव देवनागरीतच रंगवा आणि खाली मोबाइल नंबर ठळक टाका.