एक औंस सोन्यासाठी किती दिवसांची मजुरी?

प्रश्न: आमचे आजोबा म्हणतात, पूर्वी रोजंदारीवाल्यालाही सोनं परवडायचं. एक औंस सोनं घ्यायला मजुराला तेव्हा किती दिवस राबावं लागायचं आणि आता किती? कोल्हापुरात बसून हा हिशेब कसा काढायचा?

उत्तर:

आधी औंस गुजरीतल्या सराफांच्या भाषेत आणा. सोन्याचा औंस ३१.१ ग्रॅमचा, किराणा मालाचा २८.३५ वाला नव्हे. म्हणून सूत्र एवढंच:

दिवस = १० ग्रॅमचा दर × ३.११ ÷ एका दिवसाची मजुरी

खरी अडचण मजुरी कुठली धरायची ही आहे. गवंड्याचा रोज, ऊसतोडीचा दर, फौंड्रीतला पगार हे सगळे वेगवेगळे आणि जुने आकडे बहुतेक ऐकीव. माझ्या मते रोजगार हमीचा दर सगळ्यात बरा. काम तेच, अंगमेहनतीचं, आणि दर सरकारी नोंदीत सापडतो. पगारावरून काढायचं असेल तर महिन्याला २६ ने भागा, ३० ने नाही. सुट्टीचे रविवार मोजलेत तर रोज कमी दिसतो आणि दिवस उगाच वाढतात.

आता महाराष्ट्राचेच आकडे घेऊ. सोन्याचे दर वर्षाचे ढोबळ सरासरी आहेत. १९८८ च्या सुरुवातीला राज्याच्या रोजगार हमीत किमान दर ६ रुपये होता आणि सोनं १० ग्रॅमला साधारण ३,१००. म्हणजे औंस झाला ९,६४० रुपयांना, दिवस लागले सुमारे १,६००. त्याच वर्षी किमान वेतन दुप्पट होऊन दर १२ वर गेला आणि दिवस एकदम ८०० वर आले. सोनं जागचं हललं नव्हतं, हलली ती मजुरी. अशा हिशेबात सगळ्यांची नजर सोन्यावरच खिळते, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

२०१२-१३ मध्ये मनरेगाचा दर १४५, सोनं ३१,००० च्या आसपास: ६६५ दिवस. २०१५-१६ मध्ये दर १८१, सोनं २६,३००: साडेचारशे दिवस. २०२५ च्या एप्रिलमध्ये दर ३१२ झाला, पण सोनं लाखाला टेकलं: ९९७ दिवस. हा शेवटचा आकडा एका चढ्या क्षणाचा आहे, वर्षाच्या सरासरीच्या पंगतीत तो तसाच बसवू नका. तरी आजोबांचं म्हणणं निम्मंच खरं. २०१५ च्या तुलनेत २०२५ च्या एप्रिलात सोनं मजुरापासून दुपटीने लांब गेलं होतं, पण १९८८ च्या सुरुवातीला ते त्याहूनही लांब होतं.

इंटरनेटवरचे अमेरिकेचे आलेख इथे जसेच्या तसे लावू नका. २०११ च्या सप्टेंबरात औंस १,९०० डॉलरच्या घरात होता, २०१५ च्या डिसेंबरात १,०५० पर्यंत उतरला. तिकडे चाळीस टक्क्यांहून जास्त घसरण, इकडे ३१ हजारांचे २६ हजार. कारण मधल्या काळात रुपया घसरला आणि आयात शुल्क वाढत वाढत १० टक्क्यांवर गेलं.

जुन्या वर्षांत तर ही चूक फार महागात पडते. १९७० मध्ये जगात औंस ३५ डॉलरच्या आसपास, डॉलर साडेसात रुपयांना. गुणाकार केला तर १० ग्रॅमला ८४ रुपये निघतात. प्रत्यक्षात आपल्याकडे दर होता १८४ च्या आसपास. आयातीवर बंधनं, वर १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा; बाजारात माल तुटीचा. डॉलरवरून हिशेब करणाऱ्याचे दिवस निम्म्याहून कमी येतात आणि 'पूर्वी किती स्वस्ताई होती' ही समजूत पक्की होते.

घरात जुनी पावती असेल तर तीन गोष्टी बघा. पहिली, तोळा. खरा तोळा ११.६६ ग्रॅमचा, आठ तोळ्यांचे बरोबर तीन औंस. आज दुकानात तोळा म्हणजे सरळ १० ग्रॅम. जुना तोळ्याचा दर असेल तर ३.११ ऐवजी २.६७ ने गुणा. दुसरी, कस. दर २२ कॅरेटचा असेल तर ०.९१६ ने भागून २४ चा करून घ्या. तिसरी, 'मजुरी' नावाची ओळ. ती घडणावळ असते (आपल्या हिशेबातली मजुरी नव्हे, नावाचा घोळ तेवढा). साजासारख्या नाजूक दागिन्यात ती बरीच असते. एकूण रकमेला भागलं तर कारागिराचं कामही सोन्याच्या भावात मोजलं जातं. म्हणून फक्त सोन्याच्या वजनापुढची रक्कम घ्या, कर वगळा, आणि मजुरी त्याच वर्षाची लावा.