बेरजेत हरवलेले आठ भाग

प्रश्न: पायथनमध्ये ०.१० किमतीच्या दहा वस्तू एकेक करून मिळवल्या तर बेरीज 0.9999999999999999 येते. कॅल्क्युलेटरवर बरोबर १ येतो. मशीनला साधी बेरीज का जमत नाही? आणि ही चूक पुढे वाढत जाईल का?

उत्तर:

तुमच्या बेरजेत दोन वेगळ्या गोष्टी घडतात, आणि बहुतेक ठिकाणी त्यातली पहिलीच सांगितली जाते. मशीन अपूर्णांक ज्या बायनरी, म्हणजे दोनाच्या आधाराच्या, रूपात साठवतं त्याला फ्लोट म्हणतात; ०.१ ही संख्या त्यात जशीच्या तशी बसत नाही, ही पहिली. दर बेरजेनंतर आलेलं उत्तर पुन्हा जवळच्या बसणाऱ्या संख्येवर सरकवलं जातं, ही दुसरी. तुमचा फरक मुख्यतः दुसरीमुळे पडला आहे. पुरावा उत्तरातच आहे: मशीनमधली ०.१ ही खऱ्या ०.१ पेक्षा किंचित *मोठी* असते, तरी दहा जणींची बेरीज १ पेक्षा *कमी* भरली. नुसती पहिली गोष्ट खरी असती तर ती जास्त भरायला हवी होती.

आधी पहिली गोष्ट उरकू. अपूर्णांक बायनरीत कुठेतरी संपायचा असेल तर त्याच्या संक्षिप्त रूपाच्या छेदात २ शिवाय दुसरा मूळ अवयव असून चालत नाही. १/१० च्या छेदात ५ आहे, म्हणून बायनरीत तो ०.०००११००११००११… असा न संपता चालत राहतो. दोन दशांश स्थळांच्या किमतींत .०० ते .९९ अशी शंभर शेपटं असतात. त्यातली .००, .२५, .५० आणि .७५ ही चारच अचूक बसतात. उरलेल्या शहाण्णव किमती साठवतानाच किंचित हलतात.

आता दुसरी गोष्ट, आणि इथे थोडं थांबू या, कारण खरी गंमत इथेच आहे. बेरजेचा टप्पा न् टप्पा छापून बघा:

```python
total = 0.0
for i in range(10):
    total += 0.1
    print(total)
```

```
0.1
0.2
0.30000000000000004
0.4
0.5
0.6
0.7
0.7999999999999999
0.8999999999999999
0.9999999999999999
```

तिसऱ्या ओळीत बेरीज जास्त झाली, चौथीत सावरली, आठवीपासून कमी पडली. हे मनमानी दिसतं, पण प्रत्येक पायरी कागदावर काढून दाखवता येते.

पायथनचा फ्लोट म्हणजे IEEE 754 मधला ६४ बिटांचा डबल. त्यात संख्येच्या अर्थपूर्ण अंकांसाठी ५३ बिट मिळतात. त्यामुळे बसणाऱ्या संख्या एखाद्या मोजपट्टीवरच्या खुणांसारख्या असतात, फक्त ही पट्टी शून्यापासून दूर जाताना विरळ होत जाते. दर वेळी संख्या दुपटीची सीमा ओलांडते तेव्हा दोन खुणांमधलं अंतरही दुप्पट होतं.

१ चे दोनाच्या ५६ व्या घाताइतके, म्हणजे ७२०५७५९४०३७९२७९३६ सारखे भाग करा. ०.१ च्या आसपास पट्टीवर दर भागाला एक खूण आहे. १/८ च्या पुढे दर २ भागांना, १/४ च्या पुढे दर ४ भागांना आणि १/२ पासून १ पर्यंत दर ८ भागांना. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं पूर्णांकांत होतं.

एक दशांश म्हणजे ७२०५७५९४०३७९२७९३.६ भाग. .६ ला खूण नाही, म्हणून मशीन ७२०५७५९४०३७९२७९४ भाग धरतं. ०.४ भागाने जास्त. दहा वेळा मिळून ४ भाग जास्त व्हायला हवेत.

०.२ पाशी अडचण येत नाही, दुप्पट केलेली संख्या नेमकी खुणेवर पडते. ०.३ पाशी बेरजेचे शेवटचे अंक …३८२ येतात. इथे खुणा ४ च्या पटीत आहेत, म्हणजे …३८० आणि …३८४, आणि ३८२ बरोबर मधोमध. अशा बरोबरीत नियम असा की ज्या खुणेचा शेवटचा बिट शून्य आहे तिकडे जायचं. ती निघते …३८४. म्हणून बेरीज २ भागांनी वर गेली आणि तुम्हाला `0.30000000000000004` दिसलं. ०.४ पाशी पुन्हा तशीच बरोबरी येते, पण या वेळी नियम खाली नेतो. दोन भाग मिळाले होते, दोन गेले, हिशेब फिटला.

०.५ पासून मात्र पट्टी ८ च्या पटीत आहे. ७२०५७५९४०३७९२७९४ ला ८ ने भागा, बाकी २ उरते. आठातल्या दोनाचा तुकडा अर्ध्यापेक्षा लहान, म्हणून तो दर वेळी खालच्या खुणेवर आणून टाकून दिला जातो. बेरीज खुणेवर उभी असते, तुम्ही ०.१ मिळवता, २ भाग खुणेच्या पुढे येतात, ते कापले जातात, बेरीज पुन्हा खुणेवर. असं ०.५, ०.६, ०.७, ०.८, ०.९ आणि १ या सहा पायऱ्यांवर होतं. सहा गुणिले दोन, बारा भाग गेले. सुरुवातीचे ४ जास्त होते, ते वजा केल्यावर ८ भाग कमी. म्हणजे १ च्या खाली बरोबर एक खूण, आणि तीच स्क्रीनवर `0.9999999999999999` म्हणून येते. हे आठ भाग म्हणजे साधारण ०.०००००००००००००००११.

मधल्या ओळींत `0.6` आणि `0.7` स्वच्छ दिसतात, तेव्हा तिथे चूक नव्हती असं वाटतं. पायथन ती संख्या ओळखायला पुरतील इतकेच कमीत कमी अंक छापतो. ०.६ ला सगळ्यात जवळची जी खूण आहे तिच्यावरच बेरीज उभी असेल तर `0.6` छापलं जातं, मग ती खूण खऱ्या ०.६ च्या खाली का असेना. `format(total, '.20f')` करून बघितलं की पडदा उघडतो.

आता तुमचं कॅल्क्युलेटर. बहुतेक साधे कॅल्क्युलेटर दशमान अंकांतच हिशेब करतात, त्यांच्या लेखी ०.१ अचूक असते. पण तिथे १ भागिले ३ करून ३ ने गुणा. पुष्कळ साध्या यंत्रांवर ०.९९९९९९९ दिसेल. तीही हीच मर्यादा, फक्त आधार दोनाऐवजी दहाचा.

चूक वाढेल का, तर हो. बेरीज मोठी होत जाते तशी पट्टी विरळ होते आणि दर वेळी कापला जाणारा तुकडा मोठा होतो. एकाच किमतीची रांग असेल तर तो पुष्कळदा एकाच दिशेला कापला जातो, तुमच्या सहा पायऱ्यांवर झालं तसा. किमती वेगवेगळ्या असतील तर काही वर, काही खाली, आणि बरंचसं आपसांत फिटतं. क्रम बदलला तरी शेवटचा अंक बदलू शकतो. तरीही डबलमध्ये हाताशी पंधरा-सोळा अंक असतात, त्यामुळे काहीशे ओळींच्या नेहमीच्या बिलात हा फरक एक शतांशापर्यंत पोहोचत नाही. ३२ बिटांचा फ्लोट वापरत असाल तर गोष्ट वेगळी: तिथे १३१०७२ च्या पुढे दोन खुणांमधलं अंतरच ०.०१५६ होतं, म्हणजे शतांश धरायलाही पट्टी पुरत नाही. पैशांसाठी तो प्रकार वापरूच नये, हे माझं ठाम मत आहे.

प्रत्यक्षात नुकसान होतं ते दोन ठिकाणी. एक, `total == 1.0` अशी तुलना, जी इथे खोटी ठरते आणि भरणा पूर्ण झाला तरी बाकी दाखवते. दुसरं जास्त वाईट, कारण ते गुपचूप होतं: शतांश मिळवण्यासाठी लिहिलेलं `int(total * 100)`. `int` जवळच्या पूर्णांकावर नेत नाही, शेपूट छाटतो. तुमच्या बेरजेवर ते ९९ देतं. आठ भागांचा कण होता, तो इथे अख्खा शतांश झाला. त्यासाठी दहा बेरजांचीही गरज नाही, `int(0.29 * 100)` सरळ २८ देतं.

उपाय म्हणून मी दोनच सुचवेन. किंमत पहिल्यापासून सगळ्यात लहान एककात पूर्णांक म्हणून ठेवा: ०.१० ऐवजी १०. दहा वेळा मिळवा, १०० येतील, आणि दशांश चिन्ह फक्त दाखवताना घाला. किंवा दशमान प्रकार वापरा:

```python
from decimal import Decimal
total = Decimal('0')
for i in range(10):
    total += Decimal('0.10')
print(total)   # 1.00
```

इथे अवतरण चिन्हं विसरू नका. `Decimal(0.10)` लिहिलंत तर आधी फ्लोट तयार होतो आणि त्याची चूक ५५ दशांश स्थळांसकट इमानेइतबारे आत येते. डेटाबेसमध्येही किमतीचा रकाना `FLOAT` न ठेवता `DECIMAL` किंवा `NUMERIC` ठेवा, नाहीतर कोडमध्ये घेतलेली काळजी वाया जाते. पायथन ३.१२ पासून `sum()` फ्लोटची बेरीज करताना कापलेला तुकडा बाजूला जपून ठेवतो, त्यामुळे `sum([0.1]*10)` तिथे `1.0` देतं. ही चांगली सोय आहे, पण `+=` ला ती लागू नाही आणि साठवतानाची चूक तिने जात नाही, म्हणून पैशांसाठी मी तिच्यावर विसंबत नाही.

आणखी एक गोष्ट, कारण दोन्ही एकच समजल्या जातात. तुमच्या खऱ्या बिलात फरक पूर्ण ०.०१ चा येत असेल आणि `int` सारखी छाटणी कुठे नसेल, तर दोष बहुधा फ्लोटचा नाही. समजा तीन ओळी आहेत, प्रत्येकी ०.५०, आणि त्यावर ५ टक्के आकार. दर ओळीचा आकार ०.०२५. ओळीगणिक वर राउंड केला तर ०.०३ तीनदा, म्हणजे ०.०९. आधी बेरीज करून ०.०७५ राउंड केलं तर ०.०८. कागदावरही हा फरक पडतो, आणि `Decimal` त्यात काही करू शकत नाही. राउंड कुठे करायचं हे आधी ठरवून सगळीकडे तेच पाळावं लागतं. दोन्ही ओळखायची सोपी युक्ती अशी: त्याच किमती शतांशांचे पूर्णांक करून पुन्हा मिळवा, बाकी काही बदलू नका. फरक गेला तर तो फ्लोटचा होता. तसाच राहिला तर राउंड करायची जागा शोधा.