एक धीर, एक ऐपत: 'जोखीम सहनक्षमता' या शब्दाची फोड

प्रश्न: "आम्ही जळगावला राहतो. घरात एकटे माझे यजमान कमावतात. म्युच्युअल फंडाचा फॉर्म भरताना त्यांना दहा प्रश्न विचारले आणि 'जोखीम सहनक्षमता: जास्त' असा शेरा मारला. दुसऱ्या एका कागदावर 'जोखीम क्षमता' असा वेगळा शब्द दिसला. हे दोन्ही एकच का? वेगळे असतील तर मराठीत फरक कसा ओळखायचा?"

उत्तर: नाही ताई, एकच नाहीत. पण तुमचा गोंधळ झाला यात तुमची चूक नाही, तो शब्दातच आहे. इंग्रजीतल्या 'रिस्क टॉलरन्स'ला कोणी 'जोखीम सहनशीलता' म्हणतं, कोणी 'सहनक्षमता', आणि 'रिस्क कपॅसिटी'ला 'जोखीम क्षमता'. यातला 'सहनक्षमता' हा शब्द दोन्ही अर्थ पोटात घेऊन बसलेला आहे. त्याचं पहिलं अर्ध मनाबद्दल बोलतं, दुसरं सामर्थ्याबद्दल. फॉर्मवर तो छापला की नेमकं कोणतं मोजलं ते वाचणाऱ्याला कळत नाही.

मूळ धातूंकडे पाहिलं तर हे आणखी स्पष्ट होतं. संस्कृतात 'सह्' म्हणजे सोसणे. 'क्षम्' या धातूचाही पहिला अर्थ सोसणे, धीर धरणे असाच आहे, 'क्षमा' त्यातूनच आली. सोसू शकतो तो 'क्षम', म्हणजे समर्थ, आणि त्याचं समर्थपण ती 'क्षमता'. दोन्ही धातू एकमेकांच्या इतके जवळ असल्यामुळे त्यांच्यापासून बनवलेल्या परिभाषेत फरक टिकत नाही. तो टिकतो आपल्या रोजच्या बोलण्यातल्या क्रियापदांत.

आपण म्हणतो, "मला हे बघवत नाही", "तिला ते सोसवलं नाही". व्याकरणात याला शक्य क्रियापद म्हणतात. यात बोललं जातं ते माणसाच्या मनाबद्दल किंवा शरीराबद्दल. दुसरीकडे "हा हप्ता घराला झेपत नाही", "एवढं लग्न त्यांना परवडणार नाही" असंही म्हणतो. आता अदलाबदल करून पाहा. "हप्ता घराला झेपत नाही" चालतं. "हप्ता घराला बघवत नाही" कोणी म्हणणार नाही, कारण घराला डोळे नाहीत, मन नाही. माझ्या मते हीच खरी कसोटी. वाक्यात 'मला'च्या जागी 'घराला' घालून ते टिकलं तर आपण रिस्क कपॅसिटीबद्दल बोलतोय. नाही टिकलं तर रिस्क टॉलरन्सबद्दल.

रावेर-यावलकडे केळीच्या बागेत हाच भेद दिसतो. घड भरला की खोडाला बांबूचा टेकू देतात किंवा दोरीने बांधतात. खोड घड 'पेलतं' की नाही एवढंच तिथे विचारायचं असतं. ते किती पेलेल हे खोडाच्या जाडीवर, मुळांवर आणि टेकूवर ठरतं, बागवान किती धीराचा आहे यावर नाही. वैशाखात वादळ आलं की धीराच्या माणसाचीही बाग आडवी होते.

आता एक घर घेऊ. तुमचं नव्हे, मी मनाने रचलेलं, पण आपल्याकडे सहज सापडेल असं. जळगावात डाळ मिलमध्ये हिशेबाचं काम करणारा अडतीस वर्षांचा माणूस. बायको घर बघते, दोन मुलं शाळेत, सोबत आई. हातात येणारा पगार ४२,००० रुपये. घरखर्च, शाळा आणि आईची औषधं मिळून २२,००० जातात, घराच्या कर्जाचा हप्ता १२,०००. म्हणजे महिन्याला ३४,००० लागतातच. उरलेले ८,००० तो दर महिन्याला शेअर बाजाराशी जोडलेल्या फंडात टाकतो. फंडात ४ लाख साठलेत, बँकेच्या खात्यात ४०,००० आहेत. बाकी काही नाही.

त्याला विचारलं, "बाजार पडला तर काय कराल?" तो म्हणतो, "थांबेन. स्वस्त मिळालं तर अजून घेईन." तो खोटं बोलत नाही. २०२० च्या जानेवारी ते मार्चमध्ये सेन्सेक्स सुमारे ३८ टक्के पडला तेव्हाही तो शांत राहिला आणि त्याच वर्षअखेर बाजार परत वर आला. फॉर्मवर 'जास्त' असा शेरा मिळाला तो बरोबरच आहे. त्याचं मन खरंच तसं आहे.

पण समजा, पुन्हा तशीच घसरण झाली आणि त्याच वेळी मिल बंद पडली. या दोन गोष्टी एकत्र येणं हा काही अजब योगायोग नाही. धंदा मंदावतो तेव्हा बाजारही पडतो आणि माणसंही कमी होतात. दुसरी नोकरी मिळायला सात महिने लागले. सात महिन्यांचे ३४,००० प्रमाणे २ लाख ३८ हजार लागणार. खात्यातले ४०,००० वजा केले की उरलेले १ लाख ९८ हजार फंडातून काढावे लागतात. पण ४ लाखांचा फंड ३८ टक्के पडून आता २ लाख ४८ हजारांवर आलाय. त्यातून काढून उरतात ५०,०००. पुढे बाजार पूर्ण सावरला तरी त्या ५०,००० चे साधारण ८०,००० होतात. चार लाखांचे ८०,०००.

या माणसाचा धीर कुठेच सुटला नाही, हे लक्षात घ्या. त्याने घाबरून एकही युनिट विकलं नाही. त्याला विकावं लागलं, कारण आईची औषधं आणि बँकेचा हप्ता बाजार सावरायची वाट बघत नाहीत. 'विकलं' आणि 'विकावं लागलं' यांत जे अंतर आहे, तेच टॉलरन्स आणि कपॅसिटी यांतलं अंतर. धीर कमी असेल तर माणूस विकतो. ऐपत कमी असेल तर त्याला विकावं लागतं.

आता तोच माणूस, तेच मन, फक्त मांडणी बदलू. ४ लाखांतले २ लाख मुदत ठेवीत आहेत. खात्यातल्या ४०,००० सह २ लाख ४० हजार झाले, सात महिने त्यावर निघाले. मुदतीआधी ठेव मोडली तर व्याज थोडं कमी मिळतं, मुद्दल कमी होत नाही. फंडातले २ लाख पडून १ लाख २४ हजार झाले, पण त्यांना हात लागला नाही, आणि बाजार सावरल्यावर ते परत २ लाखांवर आले. पहिल्या मांडणीत शेवटी ८०,००० उरले होते, या मांडणीत २ लाख उरतात. कर आणि फंडाचं किरकोळ शुल्क मी सोडून दिलंय, पण चित्र त्याने बदलत नाही.

एकाच्या पगारावरच्या घराला हा हिशेब इतका कडक का लागू होतो? तिथे मिळकत एकतर पूर्ण येते किंवा अजिबात येत नाही, मधलं काही नसतं. याच घरात बायको शिवणकामातून महिन्याला १२,००० आणत असती तर दरमहाची तूट ३४,००० वरून २२,००० वर आली असती आणि सात महिन्यांना २ लाख ३८ हजारांऐवजी १ लाख ५४ हजार लागले असते. नवऱ्याचा स्वभाव तोच, पण घराची ऐपत लगेच वाढली. स्वभाव बदलायला वर्षं लागतात. ऐपत मात्र नियोजनाने वाढवता येते: सहा-आठ महिन्यांच्या खर्चाची ठेव, कमावत्या माणसाचा टर्म इन्शुरन्स आणि नोकरी गेल्यावरही चालू राहील असा कुटुंबाचा आरोग्य विमा. फक्त कंपनीने दिलेला आरोग्य विमा असेल तर तो सहसा नोकरीबरोबरच जातो, म्हणजे नेमका गरजेच्या वेळी. आणि कमावता माणूसच गेला आणि विमा नसेल, तर त्या घराची ऐपत शून्य. प्रश्नावलीत त्याने काय लिहिलं होतं याला मग काही अर्थ उरत नाही.

उलट बाजूही असते. भुसावळला रेल्वेतून निवृत्त झालेलं असं जोडपं कल्पा, ज्यात दोघांनाही जुन्या पद्धतीची पेन्शन आहे, कर्ज नाही, मुलं आपापल्या जागी आहेत. त्यांच्या घराला बरीच जोखीम झेपेल. पण फंडाचा आकडा दोन टक्के खाली आला तरी त्यांना रात्री झोप लागत नसेल, तर त्यांनी बाजारात थोडेच पैसे ठेवणं योग्य. दोन्हींतलं जे कमी, ते धरायचं. डाळ मिलमधल्या त्या माणसाच्या बाबतीत कमी आहे ती ऐपत, या जोडप्याच्या बाबतीत धीर.

हा भेद मी ओढूनताणून काढलेला नाही. गुंतवणूक सल्लागारांसाठी सेबीचे २०१३ चे नियम आहेत. ग्राहकाला नुकसान झेपेल का हे तपासा, असं त्यांत सांगितलं आहे. शिवाय तो मुद्दल गमावायला राजी नाही की असमर्थ आहे, हे ओळखा, असंही सांगितलं आहे. 'राजी नसणं' आणि 'असमर्थ असणं' असे दोन वेगळे शब्द खुद्द नियमांत आहेत. मराठी फॉर्मवर येताना ते 'सहनक्षमते'त एक होऊन जातात. फंडाच्या माहितीपत्रकावर 'रिस्कोमीटर'चा काटा असतो, तो मात्र या दोन्हींपैकी काहीच सांगत नाही. 'कमी'पासून 'अति उच्च'पर्यंतच्या त्या सहा पायऱ्या फंडाबद्दल आहेत, घेणाऱ्याबद्दल नाहीत.

आणखी एक खूण सांगते. धीर एका माणसाचा असतो, म्हणून एकट्याला प्रश्न विचारून मोजता येतो. ऐपत घराची असते. तुमच्या यजमानांना विचारलेले दहा प्रश्न आठवून पाहा. "बाजार २० टक्के पडला तर काय कराल", "तुम्हाला कोणता पर्याय आवडेल" असेच सगळे असतील तर फक्त धीर मोजला गेला. हप्ता किती, अवलंबून किती माणसं, किती महिन्यांचा खर्च बाजूला आहे, विमा आहे का, हे विचारलंच नसेल तर ऐपतीचा रकाना कोराच आहे, शेरा काहीही असो.

शब्द सुचवायचे तर मी 'जोखीम-धीर' आणि 'जोखीम-ऐपत' असे सुचवेन. धीर सुटतो, खचतो, धरता येतो. ऐपत असते किंवा नसते, वाढते, संपते. दोघांची क्रियापदं वेगळी असल्यामुळे एक शब्द दुसऱ्याच्या जागी घातला की कानाला लगेच खटकतं. 'सहनशीलता' आणि 'क्षमता' यांच्या बाबतीत ते खटकत नाही. फॉर्मवर हे शब्द यायला वेळ लागेल, पण पुढच्या वेळी समोरच्या माणसाला तुम्ही एवढं तर विचारू शकता: "हा शेरा आमच्या ह्यांच्या धीराचा, की आमच्या घराच्या ऐपतीचा?"