श्वसन गुणांकात 'गुण' कुठून आला?

प्रश्न: "रेस्पिरेटरी कोशंटला श्वसन गुणांक म्हणतात, पण यात गुणाकार कुठेच नाही ना? आणि इनडायरेक्ट कॅलरीमेट्रीत उष्णता मोजतच नाहीत, तर तिला कॅलरीमेट्री कसं म्हणायचं?"

शंका रास्त आहे, कोशंट म्हणजे शाळेतला भागाकार. बाहेर टाकलेला कार्बन डायऑक्साइड भागिले आत घेतलेला ऑक्सिजन, एवढंच. बुद्धिगुणांकामुळे 'गुणांक' तोंडात बसलाय, पण मला विचाराल तर 'श्वसन भागाकार' जास्त प्रामाणिक. ग्लुकोज जळताना ६ रेणू ऑक्सिजन लागतो नि ६ रेणू कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणून उत्तर १. चरबीत मुळातच ऑक्सिजन कमी, तो बाहेरून जास्त घ्यावा लागतो म्हणून उत्तर ०.७च्या आसपास. म्हणजे शरीर आत्ता काय जाळतंय ते या आकड्यावरून कळतं.

आता दुसरा भाग. चुलीची उष्णता दोन प्रकारे कळते, एक तर तिच्यावर पाणी ठेवून ते किती तापलं ते बघा, नाहीतर किती लाकूड जळालं ते मोजून हिशोब करा. लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी १७८०च्या दशकात गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवून वितळलेलं पाणी मोजलं, ही डायरेक्ट. माणसासाठी अशी बंद खोली बांधणं फार खर्चाचं, म्हणून श्वासातले वायू मोजून जळालेल्या लाकडासारखा हिशोब करतात, ही इनडायरेक्ट. समजा कोणी पडल्यापडल्या मिनिटाला २५० मिली ऑक्सिजन घेतो आणि २०५ मिली कार्बन डायऑक्साइड सोडतो. भागाकार ०.८२. या भागाकाराला १ लिटर ऑक्सिजनमागे साधारण ४.८ किलोकॅलरी धरतात, म्हणजे मिनिटाला १.२, दिवसाला सुमारे १७३०. उष्णता हिशोबाने आली, पण मोजली उष्णताच, त्यामुळे नाव चुकीचं नाही, मराठीत 'अप्रत्यक्ष उष्मामापन' चपखल बसतं.

एक मात्र सांभाळायचं, घाबरून जोरजोरात श्वास घेतला की रक्तात साठलेला कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर पडतो आणि विश्रांतीतही भागाकार १च्या वर जातो. तो आकडा पेशींचा नाही, फुप्फुसांचा, म्हणून माणूस शांत होईपर्यंतची रीडिंग टाकून देतात. शिवाय १०-१२ तास उपाशी ठेवून मोजतात, कारण जेवणानंतर नुसतं पचवण्या-साठवण्यातही उष्णता निघते. ४०० किलोकॅलरीची निव्वळ प्रथिनं खाल्ली तर ८० ते १२० अशाच जातात, चरबीत अगदी थोड्या. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ रुबनरने याला जे जर्मन नाव दिलं त्याचं इंग्रजीत 'स्पेसिफिक डायनॅमिक ॲक्शन' झालं आणि तेच आपण 'विशिष्ट गतिक क्रिया' असं उचललं, ज्यातून जेवणाचा वाससुद्धा येत नाही. 'विशिष्ट' एवढ्याचसाठी की अन्नघटकागणिक प्रमाण बदलतं. मी तरी 'जेवणाची ऊब' म्हणते, ऐकणाऱ्याला लगेच कळतं.