रडू द्यायचं की झोपेची वेळ सरकवायची?

प्रश्न: मुलगी आठ महिन्यांची आहे. आठला अंथरुणावर ठेवते, झोपते सव्वानऊला, तेही मांडीवर. रडू देऊन सवय लागते का?

लागते, पण घरातल्या सगळ्यांनी साथ दिली तरच. तिसऱ्या रात्री आजीने उचललं, की जास्त वेळ रडल्यावर उचलतात हेच बाळ शिकतं.

मी आधी वेळ सरकवून पाहीन. काही दिवस तिला सव्वानऊलाच, पेंगुळलेली पण जागी असताना अंथरुणावर ठेवा. थोपटा, पण मांडीवर घेऊ नका. पंधरा मिनिटांत झोपली नाही तर दुसऱ्या दिवशी साडेनऊ. दोन-तीन रात्री पटकन झोपली की पंधरा मिनिटं अलीकडे या. सकाळी मात्र ठरल्या वेळी उठवाच. इथेच बहुतेकांचं फसतं: उशिरा झोपली म्हणून उशिरापर्यंत झोपू देतात आणि रात्री झोपेची ओढच उरत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या २०१६ च्या एका छोट्या अभ्यासात दोन्ही पद्धतींनी बाळं लवकर झोपू लागली. थांबून थांबून जवळ जात रडू दिलेल्या बाळांच्या आईशी असलेल्या जवळिकीत वर्षभरानंतरही फरक दिसला नाही. म्हणजे रडू देणं क्रूर नाही, फक्त चाळीतल्या एका खोलीत ते निभावणं अवघड.

रात्री भुकेने उठली तर पाजाच.