त्यु की वू: दुकान, ऑफिस, ईमेल आणि सासर

‘मी सप्टेंबरमध्ये नोकरीसाठी लियाँला येते आहे. नवरा फ्रेंच, त्यामुळे सासू-सासरेही तिथलेच. फ्रेंचच्या क्लासमध्ये “मोठ्यांना वू, बरोबरीच्यांना त्यु” एवढेच शिकवले. दुकानात, ऑफिसात, ईमेलमध्ये आणि सासरी प्रत्यक्षात काय चालते?’

क्लासमधला नियम आपल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’शी इतका जुळतो की तो लगेच पटतो, आणि गडबड नेमकी तिथेच होते. आपल्याकडे वय आणि नाते पाहून मान ठरतो. आईला ‘तू’ आणि सासूबाईंना ‘तुम्ही’ म्हणणारी व्यक्ती भाजीवाल्या मुलाला सहज ‘तू’ म्हणून जाते. फ्रान्समध्ये दोन अनोळखी प्रौढ माणसे एकमेकांना वू म्हणतात, मग त्यांतला एक विशीतला वेटर आणि दुसरा साठीतला गिऱ्हाईक का असेना. त्यामुळे थोरामोठ्यांशी बोलताना तुमचे फारसे चुकणार नाही. सांभाळायचे ते वयाने किंवा हुद्द्याने लहान असलेल्यांशी बोलताना. काउंटरवरच्या तरुण मुलीला, टॅक्सीवाल्याला किंवा ऑफिसात साफसफाई करणाऱ्या बाईंना तुम्ही मायेने जरी त्यु म्हणालात, तरी त्यांना ते तुच्छतेचेच वाटेल.

दुकानात म्हणूनच विचार करण्यासारखे काही उरत नाही. आत शिरताना ‘बाँजूर मादाम’ किंवा ‘बाँजूर मस्यु’ म्हणावे आणि पुढे सगळे वू. या बाँजूरशिवाय थेट मागणी केली, तर वू वापरूनही तुम्ही उद्धटच ठरता. मेरी म्हणजे नगरपालिकेचे कार्यालय, प्रेफेक्त्यूर म्हणजे सरकारचे जिल्हा कार्यालय, बँक, डॉक्टर या ठिकाणीही हेच. तिथे कितीही ओळख झाली तरी आपणहून त्युवर जाऊ नये. लहान मुलांना मात्र सगळेच त्यु म्हणतात.

ऑफिसात अंदाज बांधणे कठीण, कारण तो कंपनीगणिक बदलतो. सॉफ्टवेअरच्या बऱ्याच कंपन्यांत पहिल्या दिवसापासून साहेबासकट सगळे त्यु असतात, तर वकिलांच्या किंवा नोटरीच्या कार्यालयात वर्षानुवर्षे वू चालते. नुसत्या नावाने हाक मारली म्हणजे त्यु आले, असे समजू नये. पहिले नाव आणि वू ही जोडी तिथे अगदी नेहमीची आहे. सुरुवात वूने करावी आणि समोरच्याने ‘ऑं स त्युत्वा?’, म्हणजे ‘आपण एकमेकांना त्यु म्हणू या का?’, असे विचारण्याची वाट पाहावी. हा प्रस्ताव सहसा वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या व्यक्तीकडून येतो. एकदा तो आला आणि तुम्ही ‘आव्हेक प्लेझीर’, म्हणजे ‘आनंदाने’, म्हणालात, की पुढच्याच वाक्यापासून त्यु वापरावे लागते. आदर म्हणून वूला चिकटून राहिलात, तर तुम्हाला अंतर राखायचे आहे असा अर्थ निघतो. मराठी माणसाला, विशेषतः पन्नाशीतल्या साहेबांसमोर, हे फार जड जाते.

ईमेलमध्ये अभिवादनापेक्षा क्रियापदाकडे लक्ष द्यावे. समजा, रुजू होण्याआधी मनुष्यबळ विभागातल्या बाईंनी ‘बाँजूर स्नेहा’ असे लिहून खाली ‘पुव्हे-वू’, म्हणजे ‘तुम्ही … शकाल का’, असे म्हणून कागदपत्रे मागितली आहेत. नाव घेतले असले तरी हे वूच आहे. तेव्हा उत्तरही वूने द्यावे आणि शेवटी सहीआधी ‘कॉर्दियालमाँ’, म्हणजे ‘सस्नेह’, लिहावे. पुढच्या पत्रात त्याच अर्थाचे ‘प त्यु’ आले, तर तुम्हीही त्यु करावे. तेव्हा मात्र मजकुरातले प्रत्येक ‘व्होत्र’ म्हणजे ‘तुमचे’ आणि ‘सिल वू प्ले’ म्हणजे ‘कृपया’ बदलले आहे ना, हे पाठवण्याआधी तपासावे; एकाच पत्रात अर्धे त्यु आणि अर्धे वू सर्वांत वाईट दिसते. दोघा-तिघांना मिळून लिहायचे असेल तर प्रश्नच मिटतो, कारण अनेकवचनी वू मित्रांनाही चालते.

सासरचा मामला सर्वांत नाजूक, कारण दोघांनी एकमेकांना सारखेच म्हणायचे, हा परस्परतेचा नियम इथे पुष्कळ घरांत मोडतो. नवरा आईवडिलांना त्युच म्हणत असणार. काही जुन्या वळणाच्या कुटुंबांत मुलेही वू म्हणतात, पण ती घरे थोडी. तुमच्या सासूबाई मात्र तुम्हाला त्यु म्हणतील आणि तुमच्याकडून वूची अपेक्षा ठेवतील, असे सहज होऊ शकते. त्यांनी त्यु म्हटले याचा अर्थ तुम्हालाही परवानगी मिळाली, असे धरू नये. नवऱ्याला आधीच विचारून ठेवावे की त्याची वहिनी किंवा मेहुणा त्यांच्याशी कसे बोलतात, आणि त्यांना नावाने हाक मारतात की आणखी कशाने. नाव आणि वू ही जोडी सासरीही चालते. दीर, नणंदा आणि चुलत भावंडे यांच्याशी पहिल्या जेवणापासून त्यु चालते, तिथे वू म्हणालात तर तेच हसतील. सासूबाईंशी बोलताना अगदीच अडलात, तर ‘हे पुढे करता येईल का?’ अशा धाटणीचे कर्त्याविना वाक्य फ्रेंचमध्येही करता येते, आणि फ्रेंच सुनाही ते बिनदिक्कत वापरतात.