कन्साइनमेंट एजंटकडचा माल न पाहता ऑडिट कसं करावं?

"क्लायंटचा बराच तयार माल गुवाहाटीच्या कन्साइनमेंट एजंटकडे पडून आहे. ३१ मार्चला तिथे जाणं जमलं नाही आणि आता एजंट गोदाम दाखवायला तयार नाही. त्याचं सही-शिक्क्याचं पत्र फाइलला लावलं तर चालेल का?"

नुसत्या पत्रावर मी तरी सही करणार नाही. माल दुसऱ्याच्या ताब्यात आणि रक्कम मोठी असेल, तर एसए ५०१ दोन वाटा देतं: ताबेदाराकडून मालाचं प्रमाण आणि स्थिती लेखी मागवा, किंवा तपासणी वा इतर योग्य पद्धत वापरा. गरज पडल्यास दोन्ही करा. पत्र कितपत वजनदार आहे, ते कसं मागवलं यावर ठरतं.

माझ्याच एका पंप बनवणाऱ्या क्लायंटचं उदाहरण सांगतो; आकडे सोपे करून घेतले आहेत. वर्षाच्या सुरुवातीला एजंटकडे १४० पंप होते. वर्षभरात ६२० पाठवले, ५४८ विकले, १२ परत आले. म्हणजे ३१ मार्चला पुस्तकात २०० पंप, प्रत्येकी १४,००० रुपयांप्रमाणे २८ लाखांचे. एजंटचं पत्रही नेमकं २०० चं. क्लायंट खूश.

मी फक्त मार्चच्या शेवटच्या आठवड्यातल्या बिल्ट्या आणि माल पोचल्याच्या पावत्या मागवल्या. २९ मार्चला निघालेले ४० पंप गुवाहाटीला ६ एप्रिलला उतरले होते. मग ३१ मार्चला एजंटच्या गोदामात २०० कसे असतील? फार तर १६०. वाटेतले ४० क्लायंटचेच होते, त्यामुळे पुस्तकातला आकडा चुकीचा नव्हता, पण पत्र निरुपयोगी ठरलं. चौकशीत कळलं की क्लायंटच्या अकाउंटंटने "आमच्या पुस्तकाप्रमाणे २००, कृपया सही करून पाठवा" असं लिहिलं होतं आणि एजंटने काही न मोजता शिक्का मारला होता. तेव्हापासून मी पत्रात आकडा लिहितच नाही. रकाना रिकामा ठेवतो, अनुक्रमांकांची यादी मागतो, पत्र स्वतः पाठवतो आणि उत्तर थेट माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर मागवतो. क्लायंटच्या हातातून आलेलं उत्तर मी पुरावा म्हणून धरत नाही.

गोदाम उघडत नव्हतं, म्हणून पुढची विक्री तपासली. पंपावर अनुक्रमांक असतो, हे आमचं नशीब. (सिमेंट किंवा धान्य असतं तर हे इतकं सरळ जमलं नसतं.) एप्रिल आणि मे महिन्यांच्या अकाउंट सेल्समध्ये, म्हणजे एजंटच्या विक्री हिशेबात, त्या १६० पैकी १५२ पंप विकलेले दिसले, ८ परत आले. बेरीज तंतोतंत. ३१ मार्चनंतर विकलेला माल ३१ मार्चला होताच, हा तर्क सरळ आहे, आणि बहुतेक फाइली इथेच बंद होतात.

पण विक्रीची तारीख सांगतोय कोण? तोच एजंट! मालाचं अस्तित्व सिद्ध झालं, पण तो ३१ मार्चला न विकलेला होता हे अजून सिद्ध व्हायचं होतं. म्हणून क्लायंटच्या सर्व्हिस विभागातली वॉरंटी नोंदणी काढली. त्यात ग्राहकाची खरेदीची तारीख आणि अनुक्रमांक असतो. त्या १५२ पैकी ३१ पंपांची खरेदी मार्चमधली निघाली. एजंटने पंप मार्चमध्ये विकले, पैसे वापरले आणि हिशेब एप्रिलमध्ये दिला. मग त्याच ३१ पंपांची ग्राहकांना दिलेली बिलं मागितली. आठवडाभर टाळाटाळ झाली, शेवटी आली. तारखा मार्चच्याच.

गंमत म्हणजे मी ३१ मार्चनंतर गोदामात जाऊन मोजणी केली असती आणि एजंटच्या तारखा धरून मागे हिशेब लावला असता, तरी सगळं जुळलंच असतं. गडबड विक्रीच्या तारखेत होती.

परिणाम असा: साठा १६९ पंपांचा, ४ लाख ३४ हजारांनी कमी, ३१ पंपांची विक्री, एजंटचं कमिशन आणि त्याच्याकडून येणं, तिन्ही त्याच वर्षात. वॉरंटी सगळेच ग्राहक नोंदवत नाहीत, त्यामुळे ३१ हा किमान आकडा होता. म्हणून उरलेल्या १२१ पंपांचीही बिलं पाहिली. ती एप्रिल-मे महिन्यांतलीच निघाली.

जीएसटीची एक गोष्ट इथे गोंधळ घालते. एजंट स्वतःच्या नावाने बिल करत असेल, तर त्याला माल पाठवणं हाच कायद्याने पुरवठा ठरतो आणि कर बीजक निघतं. काही अकाउंटंट तेच बीजक विक्रीत घालतात. पुस्तकात विक्री तेव्हाच, जेव्हा एजंट पुढे विकतो. त्यामुळे जीएसटी रिटर्नची उलाढाल आणि पुस्तकाची विक्री यांत फरक असणारच. तो शून्य दिसला तर मी आधी साठ्याकडे बघतो.

तुमच्याकडे बिलं मिळाली नाहीत, एजंट बोलेनासा झाला, मालाला अनुक्रमांकही नाही आणि रक्कम मोठी असेल, तर एसए ७०५ प्रमाणे अहवालात क्वालिफिकेशन द्या. परिणाम सगळ्या आर्थिक पत्रकांवर पसरत असेल तर डिस्क्लेमर. मात्र "गुवाहाटी लांब आहे, खर्च परवडत नाही" हे कारण तिथे चालत नाही.